चूक कबूल करणे म्हणजे शरणागती नव्हे!

आपल्या चळवळीतली पोरे-पोरी आता मोठ्या संख्येने पीएच.डी. करतात. प्रबंध लिहितात, जमा करतात, आणि मग खुल्या मौखिकीच्या दिवशी दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. काही जण परीक्षकाच्या प्रत्येक वाक्यावर "हो सर, दुरुस्त करतो" म्हणत पाच वर्षांची मेहनत दहा मिनिटांत गमावतात. दुसरे काही जण परीक्षकाला मनुवादी ठरवून एक इंचही मागे सरकत नाहीत. पहिल्या प्रकारावर आपण खूप बोलतो. दुसऱ्याला मात्र आपण स्वाभिमान म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. आमचा आक्षेप या टाळ्यांवर आहे.

आमच्या ओळखीच्या एका मुलीची मौखिकी आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकली. विषय होता शहरातले कंत्राटी सफाई कामगार. तिने ४२ मुलाखती घेतल्या होत्या. दावा असा की सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेल्याने जात आणि काम यांची गाठ सुटली नाही, फक्त ती बांधणारा हात बदलला. मौखिकीच्या आठ दिवस आधी आम्ही चौघे तिच्यासोबत बसलो होतो. परीक्षकांच्या लेखी अहवालातला प्रत्येक आक्षेप वेगळ्या कागदावर उतरवला. मौखिकी या आक्षेपांभोवतीच फिरते, म्हणून तयारी तिथूनच सुरू करायची असते. मग प्रत्येक कागदावर आम्ही तीनपैकी एक शब्द लिहिला: कबुली, खुलासा किंवा ठाम बचाव.

पहिला आक्षेप असा होता: "एका कामगाराने दुसऱ्याचे नाव सुचवायचे, अशा पद्धतीने मिळालेल्या ४२ जणांवरून तुम्ही 'बहुसंख्य कामगार' कसे लिहिता?" तिची पहिली प्रतिक्रिया भांडायची होती. "यांना आमच्या वस्तीत येऊन बघायला सांगा!" आम्ही म्हटले, ताई, परीक्षक बरोबर आहेत. एकमेकांच्या ओळखीतून नमुना मिळतो तेव्हा ज्यांच्या ओळखी जास्त तेच त्यात जास्त येतात, आणि एकटा पडलेला कामगार सुटतो. त्यावरून प्रमाण सांगता येत नाही. इथे कबुलीच द्यायची.

पण कबुलीला कुंपण हवे. नेमके काय चुकले, ते प्रबंधात कुठे आहे आणि ते काढल्यावर काय शिल्लक राहते, हे तिन्ही एका दमात सांगायचे. ती म्हणाली, "सहाव्या प्रकरणात 'बहुसंख्य' हा शब्द दोन ठिकाणी आला आहे, तो माझ्या नमुन्याला पेलत नाही, मी तो काढते. पण माझा मुख्य दावा किती कामगारांचा आहे यावर उभा नाही. मुकादम कोणाला कोणते काम देतो, ते कसे ठरते, यावर तो उभा आहे. त्यासाठी मुलाखतींतले तपशील पुरेसे आहेत." परीक्षकांनी मान हलवली. हेच ती घाबरून "सर, नमुना कमीच पडला" एवढेच म्हणाली असती, तर परीक्षकांनी नमुन्याबरोबर अख्खा निष्कर्ष कमकुवत धरला असता. कुंपण नसलेली कबुली अशी महागात पडते.

दुसरा आक्षेप 'सक्ती' या शब्दावर होता. "लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते. लोक ती स्वतः मागतात. मग सक्ती कुठे?" हा प्रश्न तिरकस वाटतो, पण तो गैरसमजातून आलेला होता. परीक्षकांनी सक्ती म्हणजे कोणीतरी बळजबरी करणे असे वाचले होते. प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात सक्तीची व्याख्या दिलेली होती: बाकीच्या वाटा बंद असणे. तिने पान उघडून दाखवले आणि म्हणाली, "एकच दार उघडे असेल तर माणूस त्यातून स्वतःच्या पायांनी जातो. माझा शब्द त्या बंद दारांबद्दल आहे."

हा खुलासा. पण इथे एक फसवणूक आपल्याकडून फार होते. प्रबंधात जे नाहीच, ते आपण "मला असे म्हणायचे होते" करून तोंडी घुसडतो. त्यासाठी आमची कसोटी साधी आहे: पान दाखवता आले तर तो खुलासा. पान नसेल तर ती मुकाट्याने द्यायची कबुली आहे, आणि "ही व्याख्या मी लिहायला हवी होती, ती घालते" एवढेच म्हणायचे. परीक्षकाने प्रबंध वाचलेला असतो. नवा दावा खुलाशाच्या वेषात आला की त्याला तो ओळखू येतो, आणि मग तुमच्या खऱ्या खुलाशांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

तिसरा आक्षेप: "हे जातीमुळे नाही, गरिबीमुळे आहे." इथे मात्र हटायचे नव्हते. तरीही आवाज चढवणे म्हणजे बचाव नव्हे. आधी परीक्षकाचा मुद्दा त्याच्या सर्वात भक्कम रूपात मांडायचा, मग तो खरा असता तर काय दिसले असते ते सांगायचे, आणि शेवटी प्रत्यक्षात काय दिसले ते. ती म्हणाली, "गरिबी हेच कारण असते, तर एकाच कंत्राटदाराकडे आलेल्या, सारख्याच भूमिहीन माणसांना कामे मिसळून मिळाली असती. माझ्या मुलाखतींत तसे दिसत नाही. इतर जातींतून आलेले गरीब घंटागाडीवर ड्रायव्हर झाले किंवा फवारणीला गेले. गटारात उतरायला मुकादमाने ज्यांना बोलावले, ते सगळे ठराविक जातींचेच होते. त्यातल्या दोघांकडे वाहन चालवायचा परवाना होता." मग तिने मर्यादाही सांगितली: हे तिने अभ्यासलेल्या कंत्राटांपुरते खरे आहे. मर्यादा सांगितल्याने दावा पातळ झाला नाही. तो कुठवर पोचतो हे तिला ठाऊक आहे, एवढेच सिद्ध झाले.

आणि मग तो प्रश्न आला, जो आपल्या प्रत्येकाला येतो. "तुम्ही याच समाजाच्या. मग वस्तुनिष्ठता?" आमचे रक्त उसळले. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात आणि ते सोडवून वेगळे करावे लागतात. एक पद्धतीचा: तुमच्या ओळखीमुळे काय कळले आणि काय लपले? तो रास्त आहे. तिने उत्तर दिले की वस्तीत दार उघडले, पण आपल्याच माणसाकडे पोटजातींतली भांडणे कोणी बोलले नाही, आणि हे परिशिष्टात नोंदवले आहे. दुसरा प्रश्न आरोपाचा: तुम्ही आहात म्हणून काम संशयास्पद. तो नाकारायचाच. ती शांतपणे म्हणाली, "सर, सवर्ण संशोधक वस्तीत जातो तेव्हा त्याच्यापासूनही काही लपते. हा प्रश्न दोघांनाही विचारला, तर मला मान्य आहे."

सभागृहात शांतता पसरली. हा खरा स्वाभिमान. पण तो पेलला तो आधीच्या कबुलीमुळे. जो 'बहुसंख्य' हा शब्द सोडतो, त्याचे "इथे मी हटणार नाही" हे वाक्य ऐकले जाते. सगळीकडेच न हटणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्या. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये १९२३ साली फेरलेखनासाठी परत आला. त्यांनी तो पुन्हा लिहून त्याच वर्षी सादर केला, पदवी मिळवली आणि ग्रंथही छापला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आपल्याला यातले बरेच युक्तिवाद मान्य नाहीत, असे त्याच प्रस्तावनेत नोंदवले आहे. म्हणजे बाबासाहेबांनी लेखन दुरुस्त केले, पण गुरूला पटावी म्हणून भूमिका विकली नाही. आपल्याकडे गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगितला जातो आणि फेरलेखनाचे ते महिने गाळले जातात.

तेव्हा मित्रांनो, मौखिकीच्या आधी अहवाल हातात घ्या, कागद वेगळे करा आणि प्रत्येकावर एक शब्द लिहा. सगळ्याच कागदांवर 'बचाव' लिहिलेले दिसले, तर समजा की अजून नीट वाचलेले नाही.

जय भीम!