आजीला पत्त्याची राणी करताना

घरातल्या माणसाच्या फोटोवरून पत्त्याचे पान काढून वाढदिवसाला देण्याची हौस आता बरीच दिसते. हौस चांगली आहे. पण त्यातली बरीच पाने एकाच ठिकाणी फसतात, आणि म्हणून ही विनंती: चित्राचा खालचा अर्धा भाग आरशातल्यासारखा उलटवू नका, तो फिरवा.

राजा, राणी, गुलाम यांच्या पानांवर दोन टोकांना दोन डोकी असतात, ती खेळाच्या सोयीसाठी. जुन्या पानांवर एकच उभी आकृती असे. हातातले पान उलटे आले की खेळणारा ते सरळ करी, आणि त्याच्याकडे चित्राचे पान आहे हे समोरच्याला कळून जाई. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये दुतोंडी पाने रूढ झाली. त्यांत वरचे चित्र मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून खाली येते. म्हणूनच पान कसेही धरा, तलवार राजाच्या त्याच हातात राहते.

समजा, शिवणकाम करणाऱ्या आजीला बदामाची राणी करायचे आहे. उजव्या हातात कात्री, डाव्या नाकपुडीत नथ, डाव्या खांद्यावर पदर. संगणकावर वरचा भाग खाली उलटवला आणि मग पान फिरवून पाहिले, तर कात्री डाव्या हातात, नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर भलत्याच खांद्यावर जातो. चेहराही अनोळखी वाटू लागतो, कारण कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. फोटो निवडतानाही हेच तपासा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधी कधी आधीच उलटलेला असतो.

नेहमीचे मोठे पान ६३ × ८८ मिमी असते. चित्र तिप्पट, म्हणजे १८९ × २६४ मिमी काढा. ते ए-४ कागदावर मावते. दोन्ही कर्ण आखले की ते छेदतात तो मध्यबिंदू. वरच्या अर्ध्या भागात कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा साधारण ५५ मिमी ठेवा, म्हणजे छापल्यावर तो १८ मिमी होईल आणि ओळखू येईल. फोटोतली सावली चित्रात घेऊ नका. वरच्या आजीवर डावीकडून उजेड पडला, तर फिरवलेल्या आजीवर तो उजवीकडून पडलेला दिसतो आणि पान दुभंगल्यासारखे वाटते. ठळक रेषा आणि सपाट रंग वापरले की हा प्रश्नच येत नाही.

आता ट्रेसिंग पेपरवर वरचा भाग उतरवा, मध्यबिंदूवर टाचणी रोवा, कागद अर्धा फेरा फिरवा आणि खाली गिरवा. खरी कसोटी सांध्यावर लागते. मधल्या आडव्या रेषेवर केंद्रापासून डावीकडे ४० मिमीवर जी कड येते, तिला खालून उजवीकडची ४० मिमीवरची कड येऊन मिळते. त्यामुळे अंगाची रुंदी दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर तिथे पायरी दिसते. पदराचा काठ खांद्यावरून तिरपा आणून नेमका मध्यबिंदूतून न्या. केंद्रातून गेलेली सरळ रेषा अर्धा फेरा फिरली तरी स्वतःवरच येते, म्हणून काठ वरच्या आजीकडून खालच्या आजीकडे अखंड जातो. हे साधले की पान देखणे होते. साधत नसेल, तर मधे नक्षीची आडवी पट्टी घाला.

भविष्य सांगण्याच्या टॅरोच्या पानाची गोष्ट वेगळी, तिथे चित्र दुतोंडी नसते. तोल डावी-उजवीकडे साधायचा, पण तिथेही अर्धा चेहरा उलटवून जोडू नका. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी न्यायदेवता दोन खांबांमध्ये बसवली. तिच्या उजव्या हातात तलवार आणि डाव्या हातात तराजू आहे. समतोल खांबांनी आणि बैठकीने येतो, हातांतल्या वस्तू वेगळ्याच राहतात. आजीच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात दोऱ्याचे रीळ चालेल. वस्तू तिच्या खऱ्या कामातल्या घ्या. गुलाब आणि मुकुट कुणालाही चिकटवता येतात.

वेलबुट्टीची चौकट कडेला टेकवू नका. कापताना पान अर्धा-एक मिमी सरकतेच. चौकट कडेपासून एकच मिमी आत असेल, तर ती एकीकडे जाड आणि एकीकडे गायब दिसते. चार-पाच मिमी आत असेल, तर तेवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. पार्श्वभूमीचा रंग मात्र चारही बाजूंना तीन मिमी बाहेर वाढवा, म्हणजे छापायला ६९ × ९४ मिमीचे चित्र जाईल.

छापखान्यात देण्याआधी एक प्रत साध्या कागदावर काढून पान उलटे-सुलटे फिरवून पाहा. फिरवल्यावर काहीही बदललेले दिसले, तर छापू नका. टाचणी पुन्हा मध्यबिंदूवर रोवून खालचा भाग नव्याने गिरवा.