आणि अर्थातच, तुम्ही सगळे

छोट्या कंपनीच्या दहाव्या वर्धापनदिनाचं मालकाचं भाषण भोसरीत ऐका, सातपूरला ऐका नाहीतर कोल्हापूरच्या शिरोलीत, त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी स्वर्गवासी वडील, मग पहिलं कर्ज देणारी बँक, मग पहिली ऑर्डर देणारे साहेब आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सौभाग्यवती. घशाला कोरड पडली की पाण्याचा एक घोट, आणि मग, 'आणि अर्थातच, तुम्ही सगळे!' टाळ्या पडतात. एव्हाना मागच्या रांगेचं लक्ष जिलबीच्या कढईकडे गेलेलं असतं. वर 'आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत' हे वाक्यही असतंच. कुटुंबात कुणाला नोटीस पिरियड नसतो आणि अर्ध्या दिवसाची रजा कुणी कापत नाही, हे मागच्या रांगेला ठाऊक असतं. ती शहाणी माणसं बोलत नाहीत इतकंच.

भाषण छोटं असावं हे खरंच. पण छोटं करताना मालक नेमकं जे कापायला नको ते कापतात. बँक राहते, माणसांची नावं जातात. 'सर्वांनी अपार कष्ट घेतले' हे वाक्य गणेशोत्सव मंडळालाही चालतं आणि पतपेढीलाही. त्याऐवजी सुट्या भागांचं जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या कारखान्याचा मालक असं म्हणाला तर? 'माल गाडीत चढला होता. आपल्या क्वालिटीच्या माणसानं शेवटचा म्हणून एक नग पुन्हा तपासला, बोअर गेज लावला, तर भोक 0.04 मिलिमीटरनं मोठं. त्यानं गाडी गेटवरच थांबवली. मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो. मग पेट्या उघडल्या, तर टूल झिजल्यानंतरच्या पाळीत चुकीचं ऑफसेट पडलेलं निघालं. तो माल गेला असता तर ते गिऱ्हाईक परत आलं नसतं.' आणि मग त्या माणसाचं नाव घेऊन त्याला उभं केलं तर? बोलायला मिनिटभर लागत नाही. मालक सगळ्यांसमोर ओरडला होता, तेव्हा आभारही सगळ्यांसमोरच मानले गेले. अशी तीन-चार नावं झाली की भाषण पुरे. अट एकच: कामाचा तपशील मालकाला स्वतःला आठवला पाहिजे. एचआरनं चिठ्ठीवर लिहून दिलेला तपशील समोरच्यांना लगेच ओळखू येतो.

दहाव्या वर्षी आणखी एक गोष्ट बोलण्यासारखी असते, ती मात्र भाषणात कधीच येत नाही. ती म्हणजे ग्रॅच्युइटी. पहिल्या वर्षापासून टिकलेल्या माणसाची आता दहा वर्षं भरलेली असतात. कायम कामगाराचा हक्क पाच वर्षांनीच पक्का होतो. हिशेब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. मेख 'वेतन' कशाला म्हणायचं यात आहे. महिना 30,000 रुपये देणारा मालक मूळ वेतन 10,000 दाखवून उरलेलं घरभाडं, प्रवास वगैरे भत्त्यांत वाटतो. त्या 10,000 वर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी होते 57,692 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे याच माणसाचा हिशेब आता 15,000 वर होईल आणि रक्कम 86,538 होईल. मधले 28,846 रुपये कुठल्याही भाषणाशिवाय वाढले.

दहा माणसांचीच कंपनी असेल, तर ही रक्कम मालकाला झेपेल का, हा प्रश्न खोटा नाही. मोठी गिऱ्हाइकं बिलं थकवतात, त्यात ग्रॅच्युइटीसाठी कुणी काही बाजूला ठेवलेलं नसतं, आणि दोन जुनी माणसं एकाच वर्षी निघाली की धावपळ होते. विमा कंपन्यांच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी थोडं भरत गेलं तर हा धक्का बसत नाही. वर्धापनदिनी चांदीचं नाणं आणि कॅसरोल वाटणाऱ्यांना एवढं गणित जड जाऊ नये. 'तुमच्या नावचे पैसे बाजूला ठेवलेत' हे वाक्य पाठ करायलाही सोपं आहे, आणि ते ऐकून मागची रांग जिलबी क्षणभर विसरेल.

'आमची कंपनी छोटी, आम्हाला ते लागू नाही' असं म्हणणाऱ्यांनी हजेरीपट जरा मागे चाळावा. गेल्या बारा महिन्यांत कधी एका दिवशी जरी दहा माणसं कामावर असली, तर हा कायदा लागू होतो, आणि पुढे आठच उरली तरी तो सुटत नाही.