फोटो नको, वाक्य पाठवा

सणाच्या आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. पंचांगाचं पान, जरा तिरकं, कडा कापलेल्या, एका ओळीभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं असतं, ‘सर्वांनी नोंद घ्यावी’. कसली नोंद घ्यायची ते कुणी सांगत नाही. पाठवणाऱ्याने वाचलेलं नसतं, घेणाऱ्याला वाचता येत नाही, आणि तरी त्या फोटोच्या जोरावर घरातलं वेळापत्रक बदलतं. माझा आक्षेप पंचांगावर नाही, न वाचता त्याचा धाक घालण्यावर आहे.

पंचांग वाचायला अवघड वाटतं, त्याचं पहिलं कारण साधं आहे. अरुंद रकान्यात पाच गोष्टी बसवायच्या म्हणून शब्द तोडलेले असतात. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही ती पाच अंगं. आता ‘वि.’ एवढंच छापलेलं असेल तर काय समजायचं? नक्षत्राच्या रकान्यात ते विशाखा असतं, योगाच्या रकान्यात विष्कंभ आणि करणाच्या रकान्यात विष्टी. ‘शु.’ म्हणजे कुठे शुक्ल पक्ष, कुठे शुक्रवार, कुठे शुभ नावाचा योग. अर्थ अक्षरात नसतो, रकान्याच्या डोक्यावरच्या शब्दात असतो. आणि फोटो काढताना नेमकं तेच डोकं कापलं जातं. असा फोटो आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: वरची ओळ कुठे आहे?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तिथीपुढे छापलेली वेळ ही ती तिथी संपण्याची वेळ असते, सुरू होण्याची नव्हे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला लागणारा काळ. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी वीस तासांच्या आसपास आटपते, तर कधी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. ती मध्यरात्री बदलत नाही आणि सूर्योदयालाही बदलत नाही. सूर्योदयाला जी चालू असेल तिचं नाव त्या दिवसाला मिळतं, एवढंच. रात्री बारानंतरच्या वेळा काही पंचांगांत चोवीसच्या पुढे मोजतात. तिथे २५:४० दिसलं तर ती छापण्यातली चूक नसते, दुसऱ्या दिवशीची पहाटेची १:४० असते.

आता एक खरी ओळ वाचू. २०२३ची राखी पौर्णिमा. ३० ऑगस्ट की ३१, यावरून त्या वर्षी भरपूर फोटो फिरले. बुधवारी, ३० तारखेला, पंचांगात होतं शु. १४, १०:५८. गुरुवारी होतं शु. १५, ७:०५. आणि बुधवारच्याच पुढे भद्रा रात्री ९:०१ पर्यंत. झालं, ‘यंदा दिवसभर भद्रा, राखी बांधाल तर अनर्थ’ अशी हाकाटी सुरू.

साध्या मराठीत त्या ओळी अशा: बुधवारी सकाळी १०:५८ ला चतुर्दशी संपली आणि पौर्णिमा लागली. गुरुवारी सकाळी ७:०५ ला पौर्णिमा संपली. म्हणजे ती २० तास ७ मिनिटं होती. तिचा अर्धा भाग दहा तास आणि तीन-चार मिनिटांचा. तो १०:५८ मध्ये मिळवा, रात्रीचे ९:०१ येतात. भद्रेची वेळ आली कुठून, ते कळलं?

करण म्हणजे अर्धी तिथी. विष्टी हे एका करणाचं नाव, त्यालाच भद्रा म्हणतात. आणि पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग नेहमीच विष्टी करणाचा असतो. दर महिन्याला, दर वर्षी. ‘यंदा भद्रेचं सावट’ हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. राखी पौर्णिमेला भद्रा नाही असं वर्ष होतच नाही. ती रात्रीत उरकते की दिवसा येते, एवढाच फरक. संपूर्ण महिन्यात विष्टी आठ वेळा येते आणि उरलेल्या सात वेळांची आपल्याला खबरही नसते.

मग तारीख ३० का? गुरुवारी मुंबईत सूर्य साधारण ६:२३ ला उगवला. त्यानंतर पौर्णिमा जेमतेम ४२ मिनिटं उरली. धर्मशास्त्राचा नियम असा की सूर्योदयानंतर तीन मुहूर्तांहून, म्हणजे २ तास २४ मिनिटांहून जास्त पौर्णिमा नसेल तर आदला दिवस घ्यायचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर हा वादच नव्हता. तिथल्या घड्याळात भद्रा बुधवारी सकाळी ११:३१ लाच संपली आणि पौर्णिमा त्याच रात्री ९:३५ पर्यंत होती. पण पुण्याहून आलेला फोटो बघून तिथेही लोक रात्री नऊची वाट पाहणार असतील, तर ती श्रद्धा नाही, घड्याळाचा घोटाळा आहे.

काही आकडे गावानुसार बदलतात, ते वेगळंच. तिथी संपण्याचा क्षण मुंबईत आणि नागपुरात एकच. सूर्योदय, चंद्रोदय, राहुकाळ मात्र नाही. बुधवारचा राहुकाळ ‘१२ ते १:३०’ असा फिरतो. तो दिवसाच्या आठ भागांपैकी पाचवा भाग, म्हणजे खऱ्या मध्यान्हाला सुरू होणारा. सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असं धरलं तरच तिथे बारा वाजतात. त्या ३० ऑगस्टला मुंबईत मध्यान्ह १२:३९ च्या सुमारास होती आणि नागपुरात त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे १२ ते १२:३९ या वेळात मुंबईत ज्यांनी काम थांबवलं, त्यांनी पंचांगाच्या हिशेबानेही ते उगाच थांबवलं. संकष्टीला मुंबईचा चंद्रोदय पाहून नागपुरात उपास सोडणारेही असेच उगाच ताटकळतात.

भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपवाल्यांशी माझं भांडण इथेच आहे. ते भद्रेचं भाषांतर ‘अशुभ वेळ’ करतात आणि मागे लाल रंग भरतात. हे भाषांतर नव्हे, निकाल आहे. सोप्या मराठीत दोन वाक्यं हवीत आणि ती वेगळी हवीत. पहिलं: ‘पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग रात्री ९:०१ ला संपतो.’ हे गणित आहे, कुणीही तपासावं. दुसरं: ‘या भागात राखी बांधू नये असा शास्त्रसंकेत आहे.’ ही रूढी आहे, पाळायची की नाही ते घरानं ठरवावं. दोन्ही एका लाल पट्टीत कोंबली की रूढीला गणिताचा रुबाब मिळतो.

यावर दोन्हीकडून उत्तर येतं. एक म्हणतो, पवित्र गोष्टीची चिरफाड कशाला? दुसरा म्हणतो, सगळी अंधश्रद्धाच, वाचायचं कशाला? दोघांनीही पान न वाचण्याची सोय तेवढी करून घेतली आहे. छापील रकान्यात जागा नव्हती, म्हणून ‘वि.’ समजू शकतो. फोनच्या पडद्यावर जागेची कसली टंचाई? तिथे पूर्ण शब्द, कुठल्या गावची वेळ आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं लिहायला दोन ओळी पुरतात. ज्याला त्या लिहिता येत नाहीत, त्याने फोटो पाठवून दुसऱ्याच्या बहिणीला रात्री नऊपर्यंत ताटकळत ठेवू नये.