‘पानी’, ‘पानि’ की ‘पाइन’? मैथिलीच्या पहिलीच्या पुस्तकात अडकलेला एक ऱ्हस्व इकार

हिंदीच्या अंकलिपीत स्वरांचं पान ठरलेलं असतं. ‘इ’समोर इमलीचं म्हणजे चिंचेचं चित्र, ‘ई’समोर ईख म्हणजे ऊस. आता हेच पान मैथिलीत करायचं ठरवा. बिहारमधल्या दरभंगा किंवा मधुबनीच्या गावातलं मूल चिंचेचं चित्र बघून ‘इमली’ म्हणत नाही, ‘तेतरि’ म्हणतं. उसाला ते ‘कुसियार’ म्हणतं. म्हणजे पहिल्याच पानावर दोन्ही चित्रं चुकीच्या अक्षरापुढे उभी.

ही अडचण आज पुढे येण्याचं कारण धोरणात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं. मार्च २०२४मध्ये एनसीईआरटी आणि म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने एकदम ५२ भारतीय भाषांमधल्या प्रवेशिका, म्हणजे अगदी सुरुवातीची वाचनपुस्तकं, आणली. मैथिली तर २००३ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, आणि २०११च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३५ लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. नेपाळमध्ये नेपाळीनंतर सर्वाधिक बोलली जाणारी भाषाही तीच. इतकं सगळं असून पुस्तक लिहायला बसलं की पहिला वाद होतो तो पाण्यावरून. ‘पानी’ लिहायचं की ‘पानि’?

एका शब्दाची तीन रूपं

‘पानी’ हे रूप हिंदीसारखं. दुकानाच्या पाटीवर, टीव्हीवर, हिंदीच्या पुस्तकात तेच दिसतं. शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण हिंदीतून झालेलं, त्यामुळे त्यांचा हातही तिकडेच वळतो.

‘पानि’ हे मैथिलीचं परंपरेने चालत आलेलं लेखन. शेवटचा इकार ऱ्हस्व. मैथिलीत असे शब्द ढिगाने आहेत : राति (रात्र), आगि (आग), आँखि (डोळा), पोखरि (तळं), तेतरि. हिंदीत यांतल्या रात, आग, आँख या शब्दांच्या शेवटी इकारच नाही.

तिसरं रूप ‘पाइन’. मूल प्रत्यक्षात जे बोलतं ते हे. मैथिलीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला ऱ्हस्व इकार बोलताना आधीच्या व्यंजनाच्या पुढे उडी मारतो. लिहायचं पानि, म्हणायचं पाइन. राति म्हणजे राइत, आगि म्हणजे आइग, पोखरि म्हणजे पोखइर. उकाराचंही तसंच : ‘साधु’ ऐकायला येतो ‘साउध’. आणि ज्या शब्दाशिवाय भाषेचं वाक्य पुरं होत नाही, तो ‘अछि’ (आहे) बोलताना ‘अइछ’ होतो.

मराठी वाचकाला इथे थोडं थांबावं लागेल. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचं ठरलं. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’. ‘आणि’सारखे अपवाद सोडले तर आपल्याकडे शेवटच्या वेलांटीची दिशा हा लेखनाच्या सोयीचा प्रश्न आहे. ती बदलली म्हणून शब्दाचा उच्चार फारसा हलत नाही. मैथिलीत तसं नाही. तिथे वेलांटी दीर्घ केली की आवाज आपली जागाच बदलतो. ‘पानी’ लिहिलं तर कुठल्याच वाचणाऱ्याला त्यातून ‘पाइन’ सापडणार नाही.

मग सरळ ‘पानी’ लिहिलं तर काय बिघडतं?

हिंदीसारख्या लेखनाची बाजू अगदीच पोकळ नाही. लिपी तीच देवनागरी. (मैथिलीची स्वतःची तिरहुता लिपी आहे, पण आज छपाई बहुतेक देवनागरीतच होते.) मुलाला लवकरच हिंदी वाचावी लागणार. पालकांनाही भीती असते की आपलं मूल दोन प्रकारची स्पेलिंगं शिकून दोन्हीकडे चुकेल. मग एकच लेखन शिकवलेलं काय वाईट?

पण सहा वर्षांचं मूल वाचायला शिकतं म्हणजे काय करतं ते बघायला हवं. ते एकेक अक्षर फोडतं, आवाज जुळवतं, आणि जुळलेला आवाज ओळखीचा निघाला की त्याच्या डोक्यात दिवा लागतो. पा-नी जुळवून त्याला ‘पानी’ मिळतं. घरात आई ‘पाइन’ म्हणते. मूल हुशार असेल तर ते पानी म्हणजे पाइन हे समजून घेईल, पण ते त्याने वाचलेलं नसतं, भाषांतर केलेलं असतं. हिंदीच्या पुस्तकात ते हेच करत होतं. मग मैथिलीचं पुस्तक वेगळं काढून मिळवलं काय?

आणि एकदा ‘पानी’ आलं की ते एकटं येत नाही. ‘मे’वर (मध्ये) अनुस्वार चढून ‘में’ होतं, ‘नहि’चं ‘नहीं’ होतं, ‘सँ’च्या जागी ‘से’ येतं. ‘गाछ पर चिड़ै अछि’ हे मैथिली वाक्य (झाडावर पक्षी आहे) ‘पेड़ पर चिड़िया अछि’ होऊन बसतं. क्रियापद तेवढं मैथिली उरलं. असं वाक्य कुणी बोलत नाही.

शेवटच्या ‘चिड़ै’कडेही लक्ष द्या. मैथिलीत ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’, जवळजवळ मराठीसारखाच. हिंदीत तो ‘है’ किंवा ‘पैसा’मधल्यासारखा पसरट. म्हणजे अक्षर तेच असून हिंदीच्या सवयीने वाचणारे शिक्षक शब्द वेगळाच उच्चारणार. इथे लेखन बदलून उपयोग नाही, शिक्षकांसाठी पानाच्या तळाशी एक ओळ हवी.

‘पाइन’ का नको?

उच्चाराप्रमाणे लिहा, हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. मूल पा-इ-न जुळवेल आणि लगेच ओळखेल. पण त्यात एक खोच आहे. इंद्रधनुष्याला मैथिलीत ‘पनिसोखा’ म्हणतात, पाणी भरणाऱ्या बाईला ‘पनिभरनी’. या शब्दांत इकार ‘न’नंतरच ऐकू येतो. म्हणजे ‘पानि’ हे लेखन जुनाट हट्टातून आलेलं नाही, ते शब्दांमधलं नातं दाखवतं. ‘पाइन’ लिहिलं की पाणी आणि पनिसोखा यांची ताटातूट होते. शिवाय मैथिलीतलं छापील साहित्य बहुतांशी ‘पानि’ आणि ‘अछि’ असंच लिहितं, त्यामुळे पाइन शिकलेल्या मुलाला तिसरी-चौथीत पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागेल.

यातून वाट निघते ती शब्दांच्या क्रमात. पहिल्या काही आठवड्यांत असे शब्द घ्यायचे ज्यांच्या लेखनाबद्दल भांडणच नाही : आम, घर, नाक, कान, हाथ, भात, गाछ, माछ (मासा). हे जसे लिहितात तसेच बोलतात. यातले गाछ आणि माछ अस्सल मैथिली आहेत, बाकीचे हिंदीतही आहेत. म्हणून पालकही बिचकत नाहीत.

इथे मैथिलीला एक फायदा आयताच मिळतो आणि हिंदीच्या अंकलिपीचं भाषांतर करणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. या भाषेत ‘ई’ म्हणजे ‘हा, ही, हे’. ‘ओ’ म्हणजे ‘तो, ती, ते’. ‘आ’ म्हणजे ‘आणि’. तीन स्वर म्हणजे तीन पुरे शब्द! ईख नसला तरी बिघडत नाही. ‘ई आम, ओ माछ’ हे वाक्य मूल पहिल्या पंधरवड्यात स्वतः वाचू शकतं. (आपल्या अंकलिपीत ‘ई’ ईडलिंबाचा असतो. ते ईडलिंबू किती मुलांनी पाहिलेलं असतं, हा वेगळा विषय.)

त्यानंतर इकाराचं कुटुंब एकाच पानावर, एकदम आणायचं. पानि, राति, आगि, आँखि. प्रत्येकाचं चित्र, आणि शिक्षकासाठी सूचना : आधी चित्र दाखवून मुलाकडून शब्द म्हणवून घ्या, मग लिहिलेलं दाखवा. नियम एकच आहे, शेवटी लिहिलेली ऱ्हस्व वेलांटी आधी ऐकू येते. तीन-चार शब्दांनंतर ‘पोखरि’ मूल स्वतः ‘पोखइर’ असं वाचतं का, ही खरी परीक्षा. वाचलं तर नियम बसला. ‘पोखरी’ असा शेवट लांबवला तर मूल अक्षरं वाचतंय, शब्द नाही. मग पुढच्या पानावर जायची घाई करू नये.

छपाईच्या वेळी हा इकार सगळ्यात जास्त धोक्यात असतो. हिंदीची सवय असलेला मुद्रितशोधक ‘पानि’ला चूक समजून दुरुस्त करतो. तसंच ‘कतऽ’ (कुठे) या शब्दातल्या अवग्रहाचं. मराठीत हे चिन्ह हाक मारताना ‘अरेऽ’ असं लांबवायला येतं. मैथिलीत ते शेवटचा ‘अ’ पुरा उच्चारायचा आहे असं सांगतं. ते गळलं की मूल ‘कत्’ वाचणार. म्हणून अशा शब्दांची यादी छापखान्यात पुस्तकाबरोबरच जायला हवी.

पण ‘अस्सल’ म्हणजे कुणाचं?

खरा अवघड भाग हा आहे. ज्याला प्रमाण मैथिली म्हणतात ती दरभंगा-मधुबनी पट्ट्यातल्या ब्राह्मण आणि कायस्थ घरांच्या बोलीच्या जवळ जाते. पुस्तकात ‘अछि’ असतं, पण असंख्य घरांत लोक ‘छै’ म्हणतात. पश्चिमेला मुजफ्फरपूरकडे ‘हइ’ ऐकू येतं. तिथल्या बोलीला बज्जिका म्हणतात, भागलपूरकडच्या बोलीला अंगिका. या मैथिलीच्या बोली की स्वतंत्र भाषा, यावर वाद आहे आणि नेपाळची जनगणना त्यांना वेगळं मोजते. हिंदीपासून वाचवण्याच्या नादात पुस्तक फक्त ‘अछि’वर उभं केलं, तर मुसहर टोल्यावरच्या मुलाला एका परक्या भाषेऐवजी दुसरी परकी भाषा मिळेल. त्यातही ही दुसरी ‘तुझीच भाषा आहे’ असं सांगून दिली जाईल, म्हणजे चूक पुन्हा त्याचीच.

नामांच्या बाबतीत हा प्रश्न सौम्य आहे, कारण गाछ आणि माछ सगळ्या टोल्यांवर चालतात. क्रियापदांत तो टोचतो, कारण मैथिली क्रियापद बोलणाऱ्यांमधला मानही दाखवतं. कुणाला ‘अहाँ’ म्हणायचं, कुणाला ‘तोँ’, यावर क्रियापदाचं शेपूट बदलतं. म्हणून सुरुवातीच्या पाठांत ‘ई आम, ओ माछ’ अशी बिनक्रियापदाची वाक्यं शहाणपणाची. पुढे गोष्टीतल्या आजीच्या तोंडी ‘छै’ आणि निवेदनात ‘अछि’, असं दोन्ही छापता येतं.

पुस्तक छापण्याआधी चित्रं घेऊन वेगवेगळ्या टोल्यांवर फिरायचं, मुलं काय म्हणतात ते टिपायचं, आणि जिथे दोन शब्द निघतील तिथे ते चित्रच बदलायचं. यात आठवडे जातात. शुद्ध काय यावर समितीत वाद घालायलाही तितकेच जातात, फक्त तिथे मुलं नसतात.