आकडे हलावेत, अर्थ ढळू नये

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या नववीच्या काही विद्यार्थ्यांनी हलत्या आलेखांची दीड मिनिटाची एक चित्रफीत दाखविली. विषय होता आपल्या सुरत जिल्ह्यातील स्त्री-पुरुष प्रमाण. २०११ च्या जनगणनेतील आकडे आणि मुलांनी हजीऱ्याच्या परिसरात स्वतः केलेली चाळीस घरांची पाहणी यांवर ती आधारलेली होती. पडद्यावर स्तंभ उंचावत होते, वर्तुळे फिरत होती, अंक शून्यापासून धावत सुटत होते. टाळ्याही पुष्कळ पडल्या. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज विचारले, "त्या चित्रफितीतील ७८७ हा आकडा कशाचा होता?" तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, सुरतेत ७८७ बायका आहेत."

वर्गात हशा पिकला. पण दोष त्या मुलाचा नव्हता. दर हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया, हा त्या आकड्याचा अर्थ. 'दर हजार पुरुषांमागे' हे शब्द पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होते आणि ७८७ हा अंक मध्यभागी नाचत होता. डोळा स्वभावतः हलत्या वस्तूकडे धावतो. ज्या क्षणी अंक नाचला, त्याच क्षणी त्याचा अर्थ वाचणे अशक्य झाले. दीड मिनिटात अकरा आलेख, म्हणजे एकेका आलेखाच्या वाट्याला जेमतेम आठ सेकंद आले होते. तेवढ्या वेळात अक्ष कशाचा, माप कोणते आणि तुलना कोणाशी, हे तिन्ही प्रश्न कोण सोडवू शकेल?

दुसरी चूक अधिक गंभीर होती. देशाचे प्रमाण ९४३, गुजरातचे ९१९ आणि सुरत जिल्ह्याचे ७८७. हे तीन स्तंभ मुलांनी शून्यापासून न उभारता ७०० पासून उभारले होते. त्यामुळे देशाच्या स्तंभाची उंची २४३ झाली आणि सुरतेच्या स्तंभाची केवळ ८७. पाहणाऱ्यास वाटले की सुरतेत स्त्रियांचे प्रमाण देशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच आहे. वस्तुतः देशाचे प्रमाण सहा भाग मानले, तर सुरतेचे पाच भाग भरते. स्तंभाचा अर्थ त्याच्या लांबीत असतो. त्याचा पाया कापला की लांबी खोटे बोलू लागते. छापील पानावर वाचक निदान थांबून अक्षावरील ७०० हा अंक पाहू शकतो. चित्रफितीत तेवढ्यात दुसरे दृश्य येते आणि मनात राहतो तो केवळ खोटा ठसा.

मग हालचाल टाळावीच काय? माझे मत तसे नाही. २०१० साली स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दोनशे देशांचा दोनशे वर्षांचा इतिहास चार मिनिटांत हलत्या वर्तुळांनी दाखविला. तो पाहताना आपण गोंधळत नाही, याचे कारण त्यांनी पाळलेला क्रम. ते प्रथम रिकामे अक्ष दाखवितात. आडवा अक्ष उत्पन्नाचा, उभा आयुर्मानाचा, हे समजावून मगच वर्तुळे येतात. वर्षे सरू लागतात. पण १९४८ साली ते सारे थांबवितात आणि कोणता देश कोठे आहे हे सांगतात. तथापि, हालचालीचीही मर्यादा आहे. २००८ साली जॉर्ज रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हलत्या आलेखांची स्थिर आलेखांशी तुलना केली. हलते आलेख लोकांना आवडले, परंतु ते पाहून उत्तरे देताना चुकाही बऱ्याच झाल्या. म्हणून कोणी हाताला धरून दाखविणारा असेल, तेथेच हालचाल उपयोगी. आकड्यांचा अभ्यास करावयाचा असेल, तर स्थिर चित्रच बरे.

मुलांनी चित्रफीत पुन्हा केली, ती याच धोरणाने. वेळ तीच, दीड मिनिट. पण अकरा आलेखांऐवजी तीन दृश्ये. पहिल्या दृश्यात शंभर पुरुषांच्या लहान आकृत्या दहा-दहाच्या ओळींत उभ्या राहतात. क्षणभर सारे स्तब्ध. मग शेजारी स्त्रियांच्या आकृत्या भरू लागतात आणि ७९ वर थांबतात. उरलेल्या २१ जागा पोकळ रेषांनी दिसत राहतात. निवेदक सांगतो, "शंभर पुरुषांमागे एकोणऐंशी स्त्रिया." तो बोलत असता पडद्यावर काहीही हलत नाही.

दुसऱ्या दृश्यात कारणाचा शोध आहे. सुरतेत माग आणि हिऱ्यांचे कारखाने, हजीऱ्यास मोठे उद्योग. घर गावी ठेवून पुरुष एकटा कामास येतो. मग हे प्रमाण केवळ स्थलांतरामुळे उतरले काय? सहा वर्षांपर्यंतची मुले काही नोकरीसाठी येत नाहीत. म्हणून त्याच आकृत्या पुसून न टाकता लहान होतात आणि शंभर मुलग्यांमागे ८४ मुली दाखवितात, कारण जिल्ह्यातील या वयाचे प्रमाण हजारी ८३५ होते. निसर्गतः शंभर मुलग्यांमागे सुमारे ९५ मुली जन्मतात. म्हणजे स्थलांतर हे एक कारण खरे. पण ते एकच कारण नव्हे. मुलगी नकोशी असण्याची लाजिरवाणी गोष्ट या दृश्यात आपोआप उघडी पडते. पहिला आकडा एकटा दाखविला असता, तर आपण सारा दोष कारखान्यांवर टाकून मोकळे झालो असतो.

तिसरे दृश्य मुलांच्या पाहणीचे. चाळीसपैकी सत्तावीस घरांत वडील आधी एकटे आले आणि कुटुंब मागाहून आले. जुन्या चित्रफितीत हा आकडा ६७.५ टक्के असा धावत येत होता. चाळीस घरांत एक घर म्हणजेच अडीच टक्के; तेथे दशांश दाखविणे म्हणजे नसलेल्या अचूकपणाचा आव आणणे होय. आता चाळीस घरे दिसतात आणि सत्तावीस रंगतात. पण एका मुलीने फार मार्मिक शंका काढली. ती म्हणाली, "सर, आपण आपल्याच वर्गातल्या घरी गेलो. ज्यांचे कुटुंब अजून आलेच नाही, ते या चाळिसांत कसे असतील?" खोली वाटून घेऊन राहणारा एकटा कामगार आमच्या पाहणीत कोठेच नव्हता, आणि ७८७ या आकड्यामागे मुख्यत्वे तोच उभा आहे. म्हणून शेवटी पाच सेकंद एकच ओळ स्थिर राहते: 'ही पाहणी विद्यार्थ्यांच्या घरांपुरती आहे, एकटे राहणारे कामगार हिच्यात नाहीत.'

ही ओळ काढावी, तिच्यामुळे चित्रफितीची रंगत जाते, असे काहींनी सुचविले. मी ती काढू दिली नाही. नवी चित्रफीत मुलांनी शाळेच्या शिपायांना आणि काही पालकांना आधी आवाज बंद करून दाखविली आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला: काय पाहिलेत? बहुतेकांनी रिकाम्या जागांचा उल्लेख केला. एक पालक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पहिली सहा वर्षे त्या खोलीत मीही होतो. मला यात कोठे मोजलेत?" त्यांना ती शेवटची ओळ पुन्हा दाखविण्यात आली.