शब्दांची उकल : मत एका युतीला, सरकार दुसऱ्याच आघाडीचे?

दहावीपर्यंत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी आता अठरा वर्षांची झाली आहे. मतदार यादीत नाव आले आणि ती रोज मराठी पेपर वाचू लागली. तिचे अब्बा मात्र म्हणाले, “2019 मध्ये आम्ही युतीला वोट दिला, महिन्याभरात सरकार भलत्याचेच! वोटचा काय उपयोग?” तिने मला विचारले, “टीचर, हे असे कसे होते?” हा प्रश्न अनेक घरांत पडलेला असेल, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच दिले. त्या एका निवडणुकीत पेपरातले चारही अवघड शब्द येऊन जातात.

पहिला शब्द जाहीरनामा. हा तर आपल्या ओळखीचाच. ज़ाहिर आणि नामा मिळून झालेला. उर्दू अख़बारात त्यालाच मन्शूर म्हणतात. भाजप संकल्पपत्र म्हणते, शिवसेना वचननामा म्हणते, पण वस्तू तीच : निवडून आलो तर काय करू, याची छापील यादी. ही यादी करार नव्हे, हे पहिल्यांदा मत देणाऱ्याने लक्षात ठेवावे. वचन पाळले नाही एवढ्यावरून पक्षाला कोर्टात खेचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की, जाहीरनाम्यातली आश्वासने कायद्यातल्या ‘भ्रष्ट आचारा’त मोडत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने त्यासाठी नियम करावेत, असेही न्यायालयाने म्हटले. त्यानुसार आता आचारसंहितेत अपेक्षा अशी आहे की, पक्षाने आश्वासनामागचे कारण आणि त्यासाठी पैसा कुठून येणार, हे ढोबळपणे तरी सांगावे. म्हणून मी मुलांना जाहीरनामा मागच्या बाजूने वाचायला सांगते. आधी पैशाचा परिच्छेद शोधा. पुष्कळदा तो सापडतच नाही.

दुसरा शब्द बॅलट. मराठीत मतपत्रिका. आता कागदावर शिक्का मारायचा नसला तरी मशीनच्या ज्या भागावर आपण बटण दाबतो, त्याचे नाव बॅलट युनिटच आहे. त्यावर चिकटवलेल्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह असते; सगळ्यात शेवटी ‘नोटा’. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सुमारे 7 सेकंद दिसते, ती पाहूनच बाहेर पडावे. निकालाच्या सकाळी टीव्हीवर ‘टपाली मतांत अमुक पुढे’ असे ऐकू येते. ती मते ड्युटीवरचे कर्मचारी, जवान, घरून मतदान केलेले वयोवृद्ध अशांची असतात. त्यांची मोजणी आधी सुरू होते आणि ती संख्येने थोडी असतात. तेवढ्यावर कुणी मिठाई आणू नये!

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. मतपत्रिकेवर युतीचे नाव नसते, युतीचे चिन्हही नसते. आपण मत देतो ते आपल्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराला. सरकार बनवतात ते निवडून आलेले आमदार. महाराष्ट्र विधानसभेत 288 जागा आहेत, म्हणून बहुमताला 145 लागतात. ऑक्टोबर 2019 मध्ये भाजपला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादीला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. कुणीही एकटा 145 पर्यंत गेला नाही. भाजप-शिवसेनेची युती निवडणुकीआधीच झालेली होती. दोघांचे मिळून 161, म्हणजे बहुमत होते. पण मुख्यमंत्रिपदावरून फाटले. निवडणूकपूर्व युतीचा कायद्याला पत्ता नसतो. ती पक्षांची आपसातली बोली असते. एकटा आमदार पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत देईल तर पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याची आमदारकी जाऊ शकते, पण अख्खा पक्षच युतीतून बाहेर पडला तर त्याला अशी काही शिक्षा नाही.

मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र आले. 56, 54 आणि 44 मिळून 154. हीच महाविकास आघाडी. युती आणि आघाडी यांत अर्थाचा फरक फारसा नाही. आपल्याकडे भाजप-सेनेला युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीला आघाडी म्हणायची पेपरांची सवय होती, तीच महायुती आणि महाविकास आघाडी या नावांत उतरली. उर्दूत अशा सरकारला मख़लूत हुकूमत म्हणतात, म्हणजे मिसळलेले सरकार. मला तो शब्द जास्त नेमका वाटतो.

मधल्या काळात राष्ट्रपती राजवट लागली. 23 नोव्हेंबरच्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला. त्यात एक बारीक अट होती : सभागृहातले मतदान गुप्त नको, उघड हवे, आणि त्याचे थेट प्रक्षेपण व्हावे. आपले मत गुप्त असते, कारण आपल्यावर कुणाची बळजबरी होऊ नये. आमदाराचे मत उघड हवे, कारण ते त्याचे एकट्याचे नसते. त्याने ते कुठे टाकले, हे आपल्याला दिसले पाहिजे. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. 28 ला उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला आणि 30 ला 169 मतांनी विश्वासठराव मंजूर झाला. 154 च्या वरची मते लहान पक्षांची आणि अपक्षांची.

तिघांचे तीन जाहीरनामे वेगवेगळे होते, त्यांचे काय झाले? त्यातून ‘किमान समान कार्यक्रम’ नावाचा नवा कागद निघाला. ज्यावर तिघांचे जमते तेवढेच त्यात राहते, बाकीचे बाजूला पडते. आघाडी सरकार आले की हाच कागद शोधून वाचावा, निवडणुकीआधीचा नव्हे.

राहिला विरोधी पक्ष. उर्दूत हिज़्बे इख़्तिलाफ़. इख़्तिलाफ़ म्हणजे मतभेद, दुश्मनी नव्हे. 2019 मध्ये सर्वाधिक 105 जागा मिळवणारा भाजपच विरोधी बाकांवर बसला, म्हणजे विरोधी पक्ष लहानच असतो असे नाही.

विरोधी पक्षनेता हे मात्र वेगळे प्रकरण. ते मान्यता असलेले पद आहे, त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. प्रथा अशी की विरोधातल्या सर्वात मोठ्या पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के तरी जागा हव्यात. आपल्या विधानसभेत त्या 29 होतात. ही अट संविधानात नाही, आणि मान्यता द्यायची ती अध्यक्षांनी. नोव्हेंबर 2024 च्या निकालात ठाकरेंच्या शिवसेनेला 20, काँग्रेसला 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला 10 जागा मिळाल्या. बेरीज 46 होते, पण प्रथा एका पक्षाचा आकडा पाहते, आघाडीचा नव्हे. म्हणून 29 पर्यंत कुणीच पोहोचले नाही आणि वाद उभा राहिला. लोकसभेतही याच कारणाने 2014 ते 2024 विरोधी पक्षनेता नव्हता.

पद रिकामे असले तर अडते कुठे? राज्याचे माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वात मोठ्या गटाच्या नेत्याला तो समजावे, असे माहिती अधिकाराच्या कायद्यातच लिहिले आहे. त्यामुळे पदाचा वाद सुटला नाही तरी ती तिसरी खुर्ची विरोधकांकडे राहते.