रिट्राय फुकट नसतो, राव!

"कॉल फेल झाला? रिट्राय मार!" आपल्या धंद्यातला हा मंत्र भाषा-मॉडेलच्या एपीआयपुरता तरी बंद करा. मॉडेलला परत विचारलं की सगळा प्रश्न पुन्हा वाचला जातो आणि मीटर नव्याने पडतं.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या कळंबचा शेतकरी अ‍ॅपवर टोमॅटोच्या करप्याबद्दल विचारतोय. सूचना आणि आधीचं बोलणं धरून प्रश्न ३,००० टोकनचा. मॉडेलकडे गर्दी आहे, पहिला शब्दच येत नाही आणि कुणीतरी टाइमआउट ठेवलाय १० सेकंद. मग फोनवरचं अ‍ॅप ३ वेळा प्रयत्न करतं. त्यातल्या प्रत्येक वेळी सर्व्हरवरचा लूप ३ वेळा. आणि ओपनएआय किंवा अँथ्रॉपिकची पायथन लायब्ररी न सांगताच २ रिट्राय करते, म्हणजे तिचेही ३ प्रयत्न. झाले २७ कॉल, ८१,००० टोकन! आपण फोन ठेवला म्हणून तिकडचं काम थांबतंच असं नाही. वाईटात वाईट, हे सगळे बिलात येतात. शेतकऱ्याला उत्तर? शून्य.

म्हणून रिट्राय एकाच थरावर ठेवा, सर्व्हरवर. लायब्ररीचा बंद करा:

```python
client = OpenAI(
    max_retries=0,
    timeout=httpx.Timeout(60, connect=5, read=30),
)
```

इथे `read` म्हणजे पूर्ण उत्तराची मुदत नव्हे, तर दोन तुकड्यांमधली शांतता. स्ट्रीमिंगला हेच माप योग्य. दोन मिनिटं चाललेलं उत्तर चालेल, ३० सेकंद गप्प बसलेलं नाही. `429` आला तर `Retry-After` सांगेल तितकं थांबा. `400` आला तर प्रश्नच चुकलाय, परत पाठवून काय होणार? आणि पहिला शब्द स्क्रीनवर उमटला की आपोआप रिट्राय बंद. फोनची रेंज गेली तर मॉडेलला त्रास कशाला? आलेला मजकूर सर्व्हरवर ठेवा आणि फोन त्याच नंबरची विनंती घेऊन परत आला की तोच द्या.

आता खर्चाची मर्यादा. बहुतेक जण उत्तरासोबत आलेला `usage` वहीत लिहितात. पण स्ट्रीममध्ये पूर्ण हिशोब शेवटी येतो (ओपनएआयच्या चॅट एपीआयमध्ये तर `include_usage` मागितल्याशिवाय येतच नाही). स्ट्रीम मधेच तुटला की तो आकडा मिळत नाही. म्हणजे जे कॉल वाया गेले, नेमके तेच वहीत शून्य! याला मर्यादा म्हणायचं?

उपाय साधा आहे. कॉलच्या आधीच ३,००० अधिक उत्तराची कमाल मर्यादा, समजा ८००, इतक्या टोकनचे पैसे राखून ठेवा. शिल्लक पुरत नसेल तर कॉलच नको. हिशोब आला की उरलेलं परत जमा. नाही आला तर राखलेलं सगळं खर्ची टाका. रिट्रायसाठी पुन्हा वेगळी रक्कम राखा.

"पण मग काही युजरना 'नंतर विचारा' असं दिसेल ना?" दिसू दे की! महिन्याच्या १२ तारखेला पैसे संपून अख्खं अ‍ॅप सगळ्यांसाठी बंद पडण्यापेक्षा ते बरं.